एक कोटीचा हिशेब

समजा, रस्ता अपघातात 38 वर्षांचा दुकानदार गेला. मागे पत्नी आणि दोन मुलं. विमा कंपनीकडे पत्नीची भरपाईची मागणी एक कोटीची. दावा मध्यस्थीला येतो, तेव्हा मध्यस्थ तिच्याशी स्वतंत्र बैठकीत बोलतात. आकडा खोडत नाहीत, विचारतात, "ताई, मिळकतीचा पुरावा कितीचा आहे?" महिना 15,000. मग तिच्या वकिलांनाच सर्वोच्च न्यायालयाच्या सूत्राने हिशेब मांडायला सांगतात. भविष्यातली 40 टक्के वाढ धरून 21,000, मृताचा स्वतःचा एक तृतीयांश खर्च वजा जाता 14,000. वर्षाचे 1,68,000, वयानुसार गुणक 15. झाले 25,20,000, वर अंत्यविधी वगैरेंची थोडी रक्कम. निकालाचं भाकीत मात्र मध्यस्थाने करू नये, नाहीतर तो विमा कंपनीचा माणूस वाटू लागतो. अशा बैठकीला जाताना मिळकतीचे कागद सोबत न्याच.