नागपंचमीची आई, टोरांटोची लेक

आईचा वाढदिवस नेमका कधी, हे लेकीला आधी ठरवावं लागतं. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशीच आहे. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी ती लिहिली. आधार कार्डावरही तीच उतरली, आणि त्या दिवशी बँकेचा शुभेच्छा संदेशही येतो. आई स्वतः मात्र सांगते, ‘मी नागपंचमीची.’ ही तिथी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २१ ऑगस्टला आली, २०२४ मध्ये ९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये तर २९ जुलैलाच. परदेशातल्या लेकीने कालनिर्णय पाहून तिथीला संदेश पाठवला, तर पहिलं वाक्य वाचायच्या आधीच आईला कळतं की आपला दिवस हिच्या लक्षात आहे.

आई चिपळूणला आणि लेक टोरांटोला, असं धरू. उन्हाळ्यात दोन्हींत साडेनऊ तासांचं अंतर असतं. आई सकाळी सहाला उठते तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. लेक कामावरून आलेली असते, जेवण झालेलं असतं, घर शांत असतं. म्हणून रात्री बाराच्या ठोक्याचा हट्ट नको. त्या वेळी आई झोपलेली असते आणि लेक दुपारच्या अडीच वाजता ऑफिसात घाईत असते. सहाचा संदेश चहाबरोबर ऐकता येतो. आणि लिहिण्यापेक्षा बोलून पाठवलेला बरा. चष्मा शोधावा लागत नाही, आवाज पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

अवघड भाग पुढे आहे. ‘तुझी खूप आठवण येते’ एवढंच पाठवलं, की आईच्या मनात लगेच शंका येते: बरं नाहीये का हिला? घरात काही झालं का? दिवसभर तिला तेच पुरतं. आठवण कशाने आली ते सांगितलं, तर काळजी उरत नाही आणि ओढ मात्र पोचते. आभारांचंही तसंच. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ यावर ‘त्यात काय एवढं’ असं म्हणून ती विषय संपवते. एकच प्रसंग नावानिशी सांगितला, तर तो तिला झटकून टाकता येत नाही.

नागपंचमीला कोकणातल्या पुष्कळ घरांत चिरणं-कापणं नाही, तवा चढत नाही. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबरं भरून पातोळे उकडतात. आणि चिपळूणच्या घरात २००५ च्या जुलैतला पूर कोणी विसरलेलं नाही. या दोन गोष्टी हाताशी घेतल्या, तर संदेश असा होतो:

‘आई, आज पंचमी. उठलीस का? चहा घेता घेता ऐक. काल रात्री मी पातोळे केले. हळदीची पानं इथे मिळाली नाहीत, मग केळीच्या पानात उकडले. चवीला छान झाले, पण झाकण काढल्यावर तो वास आला नाही. आपलं स्वयंपाकघर आणि वाफेत उभी असलेली तू, एवढंच डोळ्यांसमोर आलं. मी मजेत आहे गं, फक्त तिथे असते तर पहिला पातोळा तुझ्या हातून मागून घेतला असता. आणि एक सांगायचंच राहिलंय. पाच सालच्या पुरात पाणी ओटीवर चढलं, तेव्हा तू आधी माझी दहावी-बारावीची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलीस. तुझ्या साड्या खालीच राहिल्या. त्याच कागदांवर मी इथवर आले. तेव्हा मी काहीच बोलले नाही, आज बोलते. दुपारी पडशील ना थोडी? रात्री फोन करते.’

बोलायला जेमतेम एक मिनिट लागतं. ओढ आधी आणि आभार नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. संदेश व्याकुळतेवर थांबला, तर आईच लेकीला समजावत बसते. शेवटचा प्रश्न तर हवाच, कारण त्याला उत्तर देणं तिला सोपं जातं.

एक गोष्ट मात्र आधीच ओळखून असावी. हा संदेश आई एकटी ऐकत नाही. शेजारच्या काकू येतात, मामी येतात, फोन मोठ्याने लागतो. साड्यांची गोष्ट चारचौघींत चालेल. वडिलांच्या मागे तिने काढलेले दिवस किंवा पैशांची ओढाताण यांबद्दल कृतज्ञता वाटत असेल, तर ती रात्रीच्या फोनसाठी ठेवावी.

आईच्या उत्तरात आभारांचा उल्लेख बहुधा नसतोच. ‘कुंडीत ओल्या हळदीचा गड्डा लाव, खिडकीत ऊन येईल तिथे ठेव, पाणी साचू देऊ नकोस. पुढच्या पंचमीला पानं होतील,’ असं काहीतरी येतं. लेकीने त्या आठवड्यातच भारतीय दुकानातून गड्डा आणून लावावा, आणि पहिला कोंब दिसला की फोटो पाठवावा.