कव्हरचे तीस मिलिमीटर

सकाळी ७:४०
पिरंगुटहून पौडकडे जाताना कासार आंबोली लागतं. गावाला लागूनच एका बंगल्याचं काम चालू आहे. सेंट्रिंग ठोकून झालंय, स्लॅब उद्या भरायचा. फिटर नांदेडकडचे, पन्नाशीचे. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणतात. बांधणीचा दर किलोला दहा रुपये. त्यातूनच दोन पोरांची हजेरी द्यायची, प्रत्येकी सातशे.

सकाळी ८:३०
बीमची लांबी पंधरा मीटर. सळई येते बारा मीटरची. म्हणजे जोड आलाच. तळाला १६ मिमीच्या दोन सळया आहेत. मामा टेप लावतात आणि खडूनं ८०० मिमीवर खूण करतात. सळईच्या जाडीच्या पन्नास पट. एम-२५ काँक्रीट आणि ५०० दर्जाची सळई धरली तर गणित ४९ पटीच्या आसपास येतं.

"एवढी कशाला? तारेनं घट्ट आवळली की झालं," पोरगं म्हणतं.
"तार फक्त उद्यापर्यंत धरते रे. पुढं काँक्रीट धरतं."

खरंच तसं आहे. एका सळईतला ताण दुसरीत जातो तो मधल्या काँक्रीटमधून, सळईवरच्या उभारांच्या पकडीनं. लॅप आखूड पडला की पकड सुटते, मग तार कितीही गुंडाळा. या एका लॅपमध्ये सव्वा किलो स्टील जातं. साठच्या भावानं पंचाहत्तर रुपये. कात्री लावायचा मोह होतो तो इथंच.

सकाळी १०:१५
दोन्ही सळयांचे जोड एकाच ठिकाणी घ्यायचे नाहीत. एका जोडाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य मीटरभर तरी लांब हवा. तळची सळई गाळ्याच्या मधोमध जोडायची नाही, कारण खालचा ताण तिथं सर्वांत जास्त. खांबाच्या तोंडाशीही नको, भूकंपात तिथलंच स्टील आधी ताणलं जातं. जिथं लॅप, तिथं रिंगा १०० मिमीवर, दाट. हुक फिरतो, तार पिळली जाते. प्रत्येक गाठीचं टोक मामा बोटानं आत वळवतात. टोक बाहेर राहिलं तर तेच आधी गंजतं आणि गिलाव्यावर तपकिरी ठिपका उमटतो.

दुपारी १:१०
डबे उघडले ते शेजारच्या जुन्या घराच्या ओसरीत. वर छज्जा. त्याचा पापुद्रा सुटलाय, सळई उघडी पडलीय. मामा भाकरी मोडता मोडता वर बोट करतात. "तडा बघा, सळईच्या रेषेतच गेलाय." सळईवर काँक्रीट राहिलंय ते जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मं.

ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर. त्यात सळईवर ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो आणि तोच गंज थोपवतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून हळूहळू आत झिरपतो आणि ही अल्कता मारत जातो. या मेलेल्या अल्कतेची हद्द सळईपर्यंत पोचली की थर मोडतो. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. मुळशीत चार महिने पाणी नि पुढं कोरडं. ही ओल-सूक सळईला फार वाईट.

ही हद्द एका वेगानं सरकत नाही. दहा मिलिमीटर आत जायला जितकी वर्षं लागतात, त्याच्या साधारण चौपट वीसला लागतात आणि नऊपट तीसला. कव्हर निम्मं केलं तर आयुष्य निम्मं होत नाही, पावपट उरतं. अर्थात काँक्रीट नीट ठासलेलं असेल तरच हे गणित. आत पोकळी राहिली तर तीस मिलिमीटर कागदावरच.

दुपारी ३:००
कव्हर ब्लॉक बसवायचे. नकाशावर आतल्या स्लॅबला २० मिमी, पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या बीमला ३०. पोरगं खडीचा तुकडा सरकवायला जातं. मामा तो उचलून फेकतात. खडी घरंगळते, सळई फळीला टेकते. ब्लॉक मीटर-मीटरवर, तारेनं बांधलेले. बीमच्या बाजूंनाही. खालून कव्हर दिलं आणि रिंग बाजूच्या फळीला चिकटली तर काय उपयोग?

संध्याकाळी ५:१५
इंजिनिअर मॅडम येतात. टेप रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून लावतात, मुख्य सळईपासून नाही. कव्हर मोजायचं ते सर्वांत बाहेरच्या स्टीलपासून. पूर्वेच्या बीमला एका जागी १८ भरतात.
"मामा, इथं रिंग फाकलीय."
मामा चाबी घेतात. चार गाठी सोडून रिंग काढतात, पुन्हा वाकवून बसवतात. वीस मिनिटं जातात. त्याचे पैसे वेगळे नाहीत, किलो तेवढेच.

संध्याकाळी ६:३०
आठशे किलोची बांधणी. आठ हजार, दोन दिवसांचे. दोन पोरांचे अठ्ठावीसशे वजा. तार मालकाची. उद्या आठला मिक्सर लागेल. मामाही येणार आहेत. माणसं जाळीवरून चालली की ब्लॉक सरकतात, आणि ते सरळ करायला वर कुणीतरी लागतं.