‘चकली कशी किलो?’ला तयार उत्तर

दिवाळीच्या आधी घरगुती फराळ विकणाऱ्यांच्या फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "चकली कशी किलो?" कढईवर लक्ष ठेवून घाईत लिहिलं, की उत्तर नुसतं "४८०" असं जातं. मग गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल? घरपोच द्याल का? एका निरोपाचं काम चारांवर जातं आणि तुटकपणा खटकतो तो वेगळाच.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये यावर Quick replies ही सोय आहे. उत्तर एकदा लिहायचं, त्याला /bhav असं छोटं नाव द्यायचं. चॅटमध्ये / टाइप केलं की जतन केलेली उत्तरं समोर येतात. निवडलेलं उत्तर लगेच जात नाही, आधी लिहिण्याच्या चौकटीत येतं. म्हणजे पाठवण्यापूर्वी त्यात बदल करता येतो.

चांगलं उत्तर विचारलेलं आधी सांगतं आणि पुढचा प्रश्नही मिटवतं:

"नमस्कार. भाजणीची चकली ४८० रुपये किलो, अर्धा किलो २४० रुपये. आज ऑर्डर दिल्यास ___ तारखेपर्यंत मिळेल. घरपोच हवी असल्यास पत्ता कळवावा, म्हणजे पोहोचवण्याचा खर्च सांगता येईल."

तारीख रोज बदलते, म्हणून तिथे रिकामी जागा. ती न भरता निरोप गेला तर सगळी अदब वाया. भाव मात्र पक्का लिहिलेला असतो, म्हणून तो बदलला की जतन केलेलं उत्तरही त्याच दिवशी बदलावं. हे उत्तर सगळ्यांनाच जाणार असल्याने त्यात ‘ताई’, ‘दादा’ नको. ‘नमस्कार’ आणि ‘आपण’ कुणालाही चालतात.

पैशांच्या बाबतीत शब्द जपून वापरावे लागतात. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आलेच असं नाही, पण "आधी खातं बघते" म्हटलं तर समोरच्याला तो अविश्वास वाटतो. त्याऐवजी: "स्क्रीनशॉट मिळाला, धन्यवाद. रक्कम जमा झालेली दिसली की ऑर्डर पक्की झाल्याचं लगेच कळवू."

"थोडं कमी करा ना," याला नुसतं "परवडत नाही" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. "या वेळी भाव कमी करणं जमणार नाही, क्षमस्व. पाव किलोचं पाकीटही आहे, ते चालेल का?" यात नकार स्पष्ट आहे आणि गिऱ्हाइकाला दुसरी वाटही आहे.

तक्रारीला मात्र फक्त पहिलं वाक्य तयार ठेवावं: "चकल्या तुटलेल्या मिळाल्या, याबद्दल दिलगीर आहोत. पाकिटाचा फोटो पाठवाल का?" फोटो आल्यावर माल बदलून द्यायचा की पैसे परत करायचे, हे त्या गिऱ्हाइकाला स्वतः लिहून कळवावं. रागावलेल्या माणसाला तेच छापील वाक्य दुसऱ्यांदा गेलं, तर ते कितीही नम्र असलं तरी उद्धटच वाटतं.