हप्ते थकले, टेम्पो परत आला

भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याचीच असते. म्हणूनच हप्ता थकला की तो टेम्पो ओढून नेऊ शकतो. वहीत मात्र हे प्रकरण एका ओळीत मिटत नाही.

समजा, टेम्पोची रोख किंमत ३,००,००० रुपये. ६०,००० सुरुवातीला दिले. उरलेले २,४०,००० चार वार्षिक हप्त्यांत, अधिक १० टक्के व्याज. पहिल्या वर्षी व्याजासह ८४,००० आले, बाकी १,८०,००० राहिली. दुसऱ्या वर्षी दमडीही आली नाही.

इथेच घाई होते. टेम्पो परत आल्याची नोंद करण्याआधी थकलेल्या वर्षाचे १८,००० व्याज ग्राहकाच्या नावे टाकायचे. म्हणजे येणे १,९८,०००. ते विसरले तरी निव्वळ नफा-तोटा तोच निघतो, त्यामुळे चूक लपते. पण ग्राहकाकडचे येणे कमी दिसते.

टेम्पोची किंमत आता दोन वर्षे ३० टक्के घसारा धरून १,४७,००० ठरली. तेवढी ग्राहकाच्या खात्यात जमा होते आणि उरलेले ५१,००० तोट्यात जातात. दुरुस्तीचे ८,००० टेम्पोच्याच किमतीत मिळवायचे, म्हणजे १,५५,०००. तो १,४५,००० ला विकला गेला, तर आणखी १०,००० बुडाले. हे दोन तोटे एकत्र करू नयेत: पहिला उधारीचा, दुसरा विक्रीचा.

ताळा सोपा आहे. हाती निव्वळ २,८१,००० आले, रोख किमतीपेक्षा १९,००० कमी. दोन्ही तोटे ६१,०००, त्यातून ४२,००० व्याज वजा केले की तेच १९,०००.