बाळंतिणीची छाती दगडासारखी झाली, ताप आला : दूध दाटले की सूज आली?

संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत माहेरी आलेली बाळंतीण डोळ्यांसमोर आणा. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी तिचे दोन्ही स्तन एकदम भरून आले. कातडी ताणली, हात लावला तरी दुखू लागले, अंग थोडे कोमट झाले. याला दूध दाटणे म्हणतात. स्तनात दूध उतरताना रक्तपुरवठा वाढतो आणि आसपास पाणी साचते, म्हणून तो टणक होतो. बोंडाभोवतीचा भागही कडक झाल्याने बाळाला तोंडात धरता येत नाही. अशा वेळी बोटांनी बोंडाभोवती मिनिटभर हलकेच आत दाबावे, हाताने थोडे दूध काढावे आणि मग पाजावे. एक-दोन दिवसांत ताण उतरतो.

आता तिचा एकोणिसावा दिवस धरा. उजव्याच स्तनाचा एक भाग कडक आणि गरम झाला आहे. सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही, म्हणून हाताने तपासून पाहा : कातडी चकचकीत, तापलेली लागते. थंडी वाजून १०१ च्या वर ताप चढला, अंग मोडून आले. ही स्तनाची सूज. बोंडाला चीर पडली असेल तर तिथून जंतू आत शिरू शकतात.

इथे घरोघरी एक चूक होते. गाठ फोडायची म्हणून तेल लावून जोरात चोळतात, कडक शेक देतात. त्याने आतली सूज वाढते. त्याऐवजी ओल्या थंड फडक्याने शेकावे आणि पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी सहा-सहा तासांनी घ्यावी. दूध बाळाला बाधत नाही, म्हणून पाजणे थांबवू नये. मात्र स्तन पूर्ण रिकामा करण्यासाठी वारंवार पिळत बसू नये. त्याने दूध आणखी वाढते.

एवढे करून २४ तासांत उतार पडला नाही, तर संगमेश्वर किंवा देवरुखच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. हुडहुडी भरली, पू आला किंवा चीर चिघळली असेल तर २४ तासही थांबू नये. डॉक्टर अंगावर पाजताना चालणारे प्रतिजैविक देतात. ताप दोन दिवसांत उतरला तरी गोळ्या पूर्ण संपवाव्यात.

गोळ्या घेऊनही गाठ तशीच राहिली, मऊ पडून हलू लागली, तर आत पू झालेला असू शकतो. सोनोग्राफी करून तो सुईने काढता येतो.

एक गोष्ट विसरू नये. बाळंतपणानंतरचा प्रत्येक ताप छातीचाच नसतो. ओटीपोट दुखते, अंगावरून घाण वास येतो, तर गर्भाशयात जंतू झालेले असू शकतात. दृष्ट काढण्यात रात्र घालवू नका, लगेच दवाखाना गाठा.