४८ पैकी ३०

समजा, पुण्यातल्या एका फराळविक्रेत्याने तुम्हाला संशोधन सल्लागार म्हणून नेमलं. दुकानात आलेल्या ४८ ग्राहकांना तुम्ही विचारलं, चिवडा पाव किलोच्या पाकिटात हवा की अर्ध्या किलोच्या? ३० जण म्हणाले, पाव किलोच्या. दुकानदाराला आता ही माहिती व्हॉट्सॲपवरून सगळीकडे पाठवायची आहे.

‘६२.५ टक्के पुणेकरांना लहान पाकीट हवं’ हे वाक्य पटकन सुचतं, पण त्यातला प्रत्येक शब्द डळमळीत आहे. हे ४८ जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तरी नेहमीच्या ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने खरं प्रमाण ४९ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकलं असतं. शिवाय ते निवडलेले नव्हतेच, दुकानात आलेले होते. जे तिथे कधी येत नाहीत, त्यांचं मत यात नाही. म्हणून शीर्षक साधं असावं: ‘आमच्या ४८ ग्राहकांपैकी ३० जणांना पाव किलोचं पाकीट हवं’. शंभराहून कमी माणसं असतील तर मी टक्केवारीऐवजी माणसंच मोजून लिहीन. वाचणाऱ्याला नमुना किती लहान आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

मोह होतो तो गट पाडण्याचा. तिशीच्या आतले १२ जण होते, त्यांतल्या ९ जणांनी लहान पाकीट निवडलं, म्हणजे ७५ टक्के. उरलेल्या ३६ पैकी २१, म्हणजे ५८ टक्के. ‘तरुणांची पसंती लहान पाकिटाला’ अशी बातमी तयार! पण त्या नऊंपैकी दोघांनी वेगळं उत्तर दिलं असतं, तर तरुणांचं प्रमाणही ५८ टक्केच झालं असतं. दोन माणसांवर उभा असलेला निष्कर्ष पोस्टमध्ये घालू नये.

विक्रीच्या आकड्यांत घोटाळा वेगळ्या वाटेने शिरतो. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ते १२ नोव्हेंबरला गेलं. दोन्ही वर्षांच्या ऑक्टोबरची तुलना केली तर फराळाचा धंदा कोसळलेला दिसेल, आणि कोसळलेलं काहीच नसेल. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे तीन आठवडे दोन्ही वर्षी मोजावेत. रुपये उघड करायला दुकानदार तयार नसेल, तर आधीच्या वर्षाची विक्री १०० धरून पुढची दाखवावी.

आता चित्र. एका चित्रात एकच मुद्दा, दोन आडवे पट्टे, दोन्ही शून्यापासून सुरू झालेले. २० पासून सुरू केले तर ३० चा पट्टा दहा एककांचा उरतो आणि १८ चा दिसतच नाही. किती जणांना, कुठे, कधी आणि कोणता प्रश्न विचारला, ही ओळ चित्राच्या आतच छापा. चित्र पुढे पाठवलं जातं तेव्हा सोबतचा मजकूर बहुधा मागेच राहतो. ही ओळ टाकायला दुकानदार नाही म्हणाला, तर ती पोस्ट करू नका.