भिंतीवरचे जड कपाट आणि क्लीट पट्टी

भिंतीवर जड कपाट टांगायला क्लीट पट्टीसारखी भरवशाची सोय नाही. १८ मिमी प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशांत तिरकी चिरली की दोन पट्ट्या होतात. एक भिंतीवर बसते. तिचा उतार वर आणि भिंतीकडे, म्हणजे धारेची कड खोलीच्या बाजूला. दुसरी कपाटाच्या पाठीला, उलटी. कपाट वरून सोडले की तिची धार भिंतीवरच्या पट्टीमागच्या खाचेत उतरते आणि कपाटाचे वजनच त्याला भिंतीकडे ओढून धरते. उचलून बसवायला कपाटाच्या वर साधारण २५ मिमी जागा मोकळी हवी. माळा अगदी वर टेकलेला असेल तर कपाट अडकवताच येत नाही.

९०० मिमी रुंद, ६०० उंच, ३०० खोल असे स्वयंपाकघरातले कपाट घेऊ. रिकामे २५ किलो, भांडी-डबे ३५, एकूण ६०. हे वजन नुसते खाली ओढत नाही. त्याचा मध्य भिंतीपासून सुमारे १५० मिमी पुढे असतो, त्यामुळे कपाट वरच्या बाजूने भिंतीपासून सुटू पाहते. पट्टीपासून कपाटाच्या तळापर्यंत ५०० मिमी धरले, तर ही बाहेरची ओढ ६० × १५० ÷ ५०० म्हणजे १८ किलो येते. खोली दुप्पट झाली तर तेवढ्याच वजनाला ओढही दुप्पट होते.

ही ओढ पेलायची ती विटेने. प्लास्टरमध्ये रुतलेली गिट्टी काही धरत नाही. १८ मिमी प्लाय, तेवढेच प्लास्टर आणि विटेत किमान ४० मिमी, म्हणजे स्क्रू तीन इंची लागतो. गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत ठोकावी आणि त्याआधी भोकातली धूळ फुंकून काढावी. असे चार स्क्रू पुरावेत, पण भार त्यांच्यात सारखा वाटला जात नाही, म्हणून सहा लावलेले बरे. पोकळ विटांना किंवा हलक्या सिमेंट ब्लॉकना त्यांच्यासाठीच बनवलेली गिट्टी लागते. पाकिटावरची भारमर्यादा कोणत्या भिंतीसाठी दिली आहे, हे वाचूनच खरेदी करावी. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर भोक पाडू नये. आत वायर असू शकते.

कपाटाकडची पट्टी नुसत्या ६ मिमी पाठीवर मारली, तर भिंत शाबूत राहून पाठच उचकटते. ती दोन्ही बाजूंच्या फळ्यांत आणि वरच्या फळीत पक्की हवी.

लेव्हल साधताना आधी एकाच टोकाचा स्क्रू अर्धवट आवळावा, दुसरे टोक वर-खाली करून स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणावा आणि मगच बाकीच्या खुणा कराव्यात. छताला समांतर धरून चालत नाही, छतच उतरते असू शकते. भिंतीत खळगा असेल तिथे पट्टीमागे पातळ चीप घालावी. नाहीतर स्क्रू आवळताना पट्टी वाकते. कपाटाच्या तळाशी मागे पट्टीइतक्याच जाडीचा तुकडा लागतो. तो नसेल तर तळ भिंतीकडे झुकतो आणि दारे नीट बसत नाहीत.

कपाट टांगल्यावर वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारून सामान थोडे-थोडे भरावे. कड रेघेखाली सरकली, वर फट वाढली किंवा स्क्रूंभोवती प्लास्टरला तडा दिसला, तर सामान लगेच काढून कपाट उतरवावे. स्क्रू आवळताना गोल फिरत राहिला, तर गिट्टीने पकड सोडली आहे. तिथे जास्त जोर न लावता बाजूला नवे भोक पाडावे.